पैशाच्या कालमूल्यावरील बहुपर्यायी प्रश्न : वार्षिकी, चिरंतन वार्षिकी आणि कर्जफेडीचा तक्ता — एक चिकित्सा

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या अभ्यासक्रमांत ‘पैशाचे कालमूल्य’ हा घटक बहुधा वित्तीय व्यवस्थापनाच्या आरंभीच येतो. त्यावरील मूल्यमापन आता मोठ्या प्रमाणावर बहुपर्यायी प्रश्नांच्या द्वारे होते. अंतर्गत चाचणीत, पात्रता परीक्षेत आणि बँक-भरतीच्या सराव-संचांतही हे प्रश्न जवळजवळ एकाच साच्यातले असतात. रक्कम, दर आणि कालावधी ही तीन पदे द्यायची, चौथे काढायला सांगायचे, खाली चार आकडे मांडायचे. प्रश्न रचण्यास सोपा, तपासण्यास त्याहून सोपा. परंतु अशा प्रश्नाचे अचूक उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला नेमके काय समजले, हे त्या उत्तरावरून सांगता येतेच असे नाही. प्रस्तुत लेखात वार्षिकी, चिरंतन वार्षिकी आणि कर्जाचे मासिक हप्ते या तीन विषयांवरील प्रश्नांची चिकित्सा याच दृष्टीने केली आहे. त्यांपैकी कर्जफेडीच्या तक्त्याचा विचार अधिक विस्ताराने केला आहे, कारण विद्यार्थ्याच्या पुढील आयुष्यात या घटकातील जे सर्वाधिक उपयोगी पडावयाचे ते तिथेच आहे आणि प्रश्नसंचांत त्याचीच सर्वाधिक आबाळ झालेली दिसते.

पहिला हप्ता केव्हा?

एक नमुना पाहू. ‘दरवर्षी १०,००० रुपये याप्रमाणे पाच वर्षे मिळणाऱ्या रकमेचे १० टक्के दराने वर्तमान मूल्य किती?’ पर्यायांत ३७,९०८ रुपये आहेत आणि ४१,६९९ रुपयेही आहेत. उत्तरपत्रिकेत पहिला पर्याय बरोबर ठरवलेला असतो. परंतु प्रश्नात रक्कम वर्षाच्या अखेरीस मिळते की आरंभी, याचा उल्लेखच नाही. अखेरीस मिळत असेल तर वार्षिकी घटक ३.७९०८ येतो आणि उत्तर ३७,९०८. आरंभी मिळत असेल तर प्रत्येक रक्कम एक वर्ष अलीकडे सरकते, म्हणून संपूर्ण मूल्य १.१० ने वाढून ४१,६९९ होते. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. ज्याने दुसरे उत्तर निवडले त्याचे गुण गेले, पण ते अज्ञानामुळे गेले की प्रश्नकर्त्याच्या मौनामुळे, हे गुणपत्रक सांगत नाही.

प्रश्नकर्ता यावर असे म्हणू शकेल की, उल्लेख नसल्यास अखेरची रक्कम गृहीत धरावी हा पाठ्यपुस्तकांचा संकेत आहे. संकेत आहे हे खरे. परंतु ज्या व्यवहारांना हा प्रश्न उद्देशून आहे, त्यांत संकेत एकच नाही. घरभाडे महिन्याच्या आरंभी देण्याची रीत सर्वत्र आहे, विम्याचा हप्ता संरक्षण सुरू होण्यापूर्वी भरावा लागतो, आवर्ती ठेवीचा पहिला हप्ता खाते उघडतानाच जमा होतो. उलट कर्जाचा हप्ता आणि निवृत्तिवेतन कालावधीच्या अखेरीस येतात. ही उदाहरणे ठाऊक असलेला हुशार विद्यार्थी अशा प्रश्नापाशी अडखळतो. केवळ सूत्र पाठ केलेला मात्र अडखळत नाही. चाचणीच्या दृष्टीने ही उलटी गंगा म्हणावी लागेल. सदोष प्रश्न ओळखण्याची एक साधी खूण आहे. दिलेल्या उत्तराला (१ + दर) ने गुणून येणारा आकडाही पर्यायांत असेल आणि प्रश्नात काळाचा शब्द नसेल, तर तो प्रश्न बाद करावा किंवा ‘वर्षाच्या अखेरीस’ हे दोन शब्द घालून दुरुस्त करावा. ते दोन शब्द घातल्यावर तोच प्रश्न चांगला ठरतो, कारण मग ४१,६९९ हा आकडा एका विशिष्ट चुकीचे नाव सांगतो.

(आकडेमोडीच्या कोष्टकांबाबत जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. तीन दशांश स्थळांचे कोष्टक वापरल्यास वरील उत्तर ३७,९१० येते. पर्यायांत ३७,९०८ आणि ३७,९१० दोन्ही ठेवणारे प्रश्नकर्ते आहेत. अशा प्रश्नाने वित्तशास्त्राची नव्हे, विद्यार्थ्याच्या हातात कोणते कोष्टक होते याची परीक्षा होते.)

‘चिरंतन’ या शब्दाचा अर्थ

चिरंतन वार्षिकीचे सूत्र सर्वांत लहान आहे. वार्षिक रकमेला दराने भागले की मूल्य मिळते. म्हणून प्रश्नही फार लहान होतात आणि त्यांतून फार थोडे तपासले जाते. तथापि महाविद्यालयाच्या परिसरातच या संकल्पनेचे एक उत्तम उदाहरण असते, ते म्हणजे देणगीदाराने ठेवलेला पारितोषिक निधी. दरवर्षी ५,००० रुपयांचे पारितोषिक कायम द्यावयाचे असून ठेवीवर ८ टक्के व्याज मिळत असेल, तर ६२,५०० रुपये ठेवावे लागतात. मात्र हे उत्तर पहिले पारितोषिक एक वर्षानंतर द्यावयाचे असेल तरच लागू पडते. याच वर्षी, आजच, पहिले पारितोषिक द्यावयाचे असेल तर ६७,५०० रुपये हवेत.

आता प्रश्न थोडा बदलू. पहिले पारितोषिक आजपासून तीन वर्षांनी द्यावयाचे आहे, तर आज किती रक्कम ठेवावी? बहुतेक चुका येथे होतात. विद्यार्थी ६२,५०० ला तीन वर्षांच्या घटकाने भागतो आणि ४९,६१५ असे उत्तर देतो. परंतु सूत्राने येणारे ६२,५०० हे पहिल्या रकमेच्या एक वर्ष आधीचे मूल्य असते, म्हणजे येथे दुसऱ्या वर्षाच्या अखेरचे. म्हणून दोनच वर्षे मागे यावयाचे असते आणि योग्य उत्तर ५३,५८४ रुपये येते. ४९,६१५ हा पर्याय ठेवलेला प्रश्न सूत्राची पाठांतर-परीक्षा राहत नाही. सूत्र कोणत्या क्षणाचे मूल्य देते, ही त्यातील खरी गोष्ट तो विचारतो.

या प्रकारच्या प्रश्नांत दुसरी उणीव अशी की, ‘चिरंतन’ हा शब्द अक्षरशः घेतला जातो. पाठ्यपुस्तकांतून ब्रिटनच्या कॉन्सॉल्स या मुदतविरहित सरकारी रोख्यांचे उदाहरण पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे आणि काही प्रश्नसंचांत ते अद्यापही वर्तमानकाळात लिहिलेले असते. वस्तुतः ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये उरलेले सर्व मुदतविरहित रोखे परत घेतले. हे शक्य झाले, कारण असे रोखे ‘चिरंतन’ होते ते धारकाच्या बाजूने. धारकाला मुद्दल मागता येत नव्हते, सरकारला मात्र दर्शनी किमतीला ते फेडण्याचा अधिकार होता. याचा सूत्रावर थेट परिणाम होतो. १०० पौंडांच्या ४ टक्के रोख्याची किंमत बाजारातील दर २ टक्क्यांवर आला असता सूत्राप्रमाणे २०० पौंड व्हावयास हवी. परंतु जो ऋणको तोच रोखा १०० पौंडांना परत घेऊ शकतो, त्याच्या रोख्यासाठी २०० पौंड कोण देईल? दर वाढतात तेव्हा सूत्र ठीक चालते, दर रोख्याच्या व्याजाखाली गेले की सूत्राचे उत्तर फसवे ठरते. ‘हा रोखा सरकारला केव्हाही दर्शनी किमतीला फेडता येतो’ असे एक वाक्य प्रश्नात घालून ‘किंमत सुमारे किती राहील?’ असे विचारले, तर २०० हा आकडा उत्तर न राहता विचलक बनतो.

पारितोषिक निधीलाही हाच धडा दुसऱ्या बाजूने लागू पडतो. ठेवीचा दर ८ वरून ६ टक्क्यांवर आला की ६२,५०० रुपयांतून ३,७५० रुपयेच मिळतात. जुन्या निधींची पारितोषिके कशी आक्रसत गेली, हे वार्षिक समारंभाची यादी करणाऱ्या प्राध्यापकांना सांगण्याची गरज नाही.

कर्जफेडीचा तक्ता

मासिक हप्त्यांवरील प्रश्न बहुतांशी एवढाच असतो : कर्ज १ लाख रुपये, दर वार्षिक १२ टक्के, मुदत १२ महिने, हप्ता किती? मासिक दर १ टक्का धरून उत्तर ८,८८४.८८ रुपये येते. प्रश्न चुकीचा नाही. मात्र हप्ता काढणे हे आता भ्रमणध्वनीवरही क्षणात होते. कर्जदाराला जे समजणे आवश्यक असते, ते त्या हप्त्याच्या पोटात काय दडलेले आहे हे. त्याचे उत्तर तक्त्यात असते.

| महिना | आरंभीची शिल्लक | व्याज | मुद्दल | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|---|
| १ | १,००,०००.०० | १,०००.०० | ७,८८४.८८ | ९२,११५.१२ |
| २ | ९२,११५.१२ | ९२१.१५ | ७,९६३.७३ | ८४,१५१.३९ |
| ३ | ८४,१५१.३९ | ८४१.५१ | ८,०४३.३७ | ७६,१०८.०२ |

प्रत्येक ओळीत प्रथम शिल्लकीवरील व्याज वसूल होते आणि उरलेला भाग मुद्दलात जातो. मुद्दलाच्या स्तंभाकडे नीट पाहिले असता एक नियम दिसतो : प्रत्येक महिन्याचे मुद्दल मागील महिन्याच्या मुद्दलाच्या बरोबर १.०१ पट असते. याचे कारण साधे आहे. गेल्या महिन्यात जेवढे मुद्दल फिटले, तेवढ्यावरचे एक टक्का व्याज या महिन्यात वाचते आणि हप्ता तोच असल्याने ती बचत मुद्दलाकडे वळते. तक्त्यात कुठे चूक झाली आहे काय, हे पाहण्याची हीच सर्वांत जलद कसोटी होय. शिल्लकीची वजाबाकी चुकली तर हे गुणोत्तर त्याच ओळीनंतर बिघडते.

या एका नियमावर प्रश्न रचता येतो. ‘समान हप्त्यांच्या कर्जात पहिल्या महिन्याचे मुद्दल ७,८८४.८८ आणि दुसऱ्या महिन्याचे ७,९६३.७३ रुपये आहे, तर वार्षिक व्याजदर किती?’ येथे पाठ केलेल्या हप्त्याच्या सूत्राचा उपयोग होत नाही. तक्ता समजलेला विद्यार्थी एका भागाकारात १२ टक्क्यांपर्यंत पोहोचतो.

शेवटच्या ओळीचाही उल्लेख करावयास हवा, कारण प्रश्नसंचांत ती सहसा दाखवलीच जात नाही. प्रत्यक्षात हप्ता पूर्ण रुपयांत, म्हणजे ८,८८५ रुपये असा ठरतो. दरमहा भरले जाणारे जादा बारा पैसे व्याजासह साचत जातात आणि बारावा हप्ता सुमारे दीड रुपयाने कमी येतो. तक्ता करून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला शेवटी शून्याऐवजी उणे दीड रुपया दिसला, तर आपले चुकले असे वाटून तो मागच्या ओळी खोडू लागतो. ही चूक नाही. शेवटचा हप्ता ‘उरलेली शिल्लक अधिक तिच्यावरील व्याज’ एवढाच असतो, हे एकदा सांगणे पुरेसे आहे.

आता विचलकांकडे वळू. वरील प्रश्नात ९,३३३ हा पर्याय असावाच. तो १ लाखावर वर्षाचे १२ हजार व्याज आकारून, बेरजेला बाराने भागून येतो. यालाच व्यवहारात ‘फ्लॅट’ दर म्हणतात. हा पर्याय निवडणारा विद्यार्थी असे मानतो की पूर्ण वर्षभर पूर्ण लाख रुपये आपल्यापाशी होते, जेव्हा की सहाव्या हप्त्यानंतर जवळपास अर्धेच उरलेले असतात. घटत्या शिल्लकीवर हिशेब केला, तर ९,३३३.३३ रुपयांच्या हप्त्यात वार्षिक १२ नव्हे, सुमारे २१.५ टक्के दर दडलेला आहे. एकूण व्याजाकडे पाहिले तरी हेच दिसते : एकीकडे सुमारे ६,६१९ रुपये, दुसरीकडे १२,०००. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने कर्जदाराला मुख्य तथ्यांचे विवरण देणे आणि त्यात सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर दाखवणे किरकोळ कर्जांना लागू केले, त्यामागे अशाच तफावती आहेत. हा दर मात्र विद्यार्थ्याला स्वतः पडताळून पाहता आला पाहिजे. ‘हप्ता ९,३३३ असेल तर खरा दर कोणत्या दोन आकड्यांच्या दरम्यान आहे?’ असा पर्यायी प्रश्न अंदाजावरही सोडवता येतो. सरासरी शिल्लक सुमारे ५४ हजार, व्याज १२ हजार, म्हणजे दर २० टक्क्यांच्या वर जाणार हे तोंडी कळते.

मुदत, हप्ता आणि वाढलेला दर

लघु मुदतीच्या उदाहरणांनी तक्त्याचा एक गुणधर्म झाकला जातो. बारा महिन्यांच्या कर्जात निम्मी मुदत सरली की जवळपास निम्मे मुद्दल फिटते. गृहकर्जात तसे होत नाही. १० लाख रुपये, ७ टक्के, २० वर्षे असे कर्ज घेतले असता हप्ता ७,७५३ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील ५,८३३ रुपये व्याजाचे आणि केवळ १,९२० रुपये मुद्दलाचे असतात. दहा वर्षांनंतरही सुमारे ६ लाख ६८ हजार शिल्लक राहतात. निम्मे मुद्दल फिटण्यास सव्वातेरा वर्षे लागतात. ‘निम्म्या मुदतीनंतर शिल्लक किती?’ या प्रश्नात ५ लाख हा पर्याय ठेवला की किती विद्यार्थी सरळ रेषेत विचार करतात हे दिसून येते.

परंतु सर्वांत महत्त्वाचा प्रश्न प्रश्नसंचांत जवळपास आढळतच नाही. त्यांतील दर मुदतभर स्थिर असतो, तर आपल्याकडील गृहकर्जे बव्हंशी बदलत्या दराची असतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. वरील कर्ज दोन वर्षे फेडल्यानंतर त्याचा दर तेवढाच, म्हणजे ७ वरून ९.५ टक्के झाला असे समजू. त्या वेळी शिल्लक ९,५०,७०० रुपये आणि उरलेली मुदत १८ वर्षे आहे. हप्ता तोच ठेवला, तर पुढील महिन्याचे व्याजच ७,५२६ रुपये होते. मुद्दलाकडे २२७ रुपये जातात. या गतीने कर्ज फिटण्यास आणखी ४४८ हप्ते, म्हणजे ३७ वर्षांहून अधिक काळ लागतो. मूळ मुदत कायम ठेवायची असेल तर हप्ता ९,२०२ रुपये करावा लागतो, म्हणजे दरमहा १,४४९ रुपयांची वाढ.

तीस वर्षांच्या वयात घेतलेले कर्ज पन्नाशीत संपणार, असा कर्जदाराचा समज असतो. हप्ता ‘वाढला नाही’ म्हणून तो निश्चिंत राहतो. वाढलेले असते ते मुदतीच्या स्तंभात, आणि तो स्तंभ त्याने पाहिलेला नसतो. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्हींचा मेळ घालणे यांतून निवड करू द्यावी, आणि प्रत्येक तिमाहीस आतापर्यंत वसूल झालेले मुद्दल व व्याज आणि उरलेल्या हप्त्यांची संख्या दाखवणारे विवरण द्यावे, असे बंधन घातले. मुदतवाढीमुळे शिल्लक वाढत जाऊ नये, असेही त्यात म्हटले आहे. विवरण मिळेल, पर्यायही मिळेल. त्यांतला निवडावा कोणता, हे मात्र या घटकाच्या तासिकेतच शिकवावे लागेल.

येथे वार्षिकीच्या सूत्राची मर्यादाही स्पष्ट होते. उरलेल्या हप्त्यांची संख्या काढताना सूत्रात हप्त्यातून व्याज वजा करून उरलेल्या रकमेचा लॉगरिदम घ्यावा लागतो. ती रकम शून्याकडे जाऊ लागली की मुदत भराभर वाढते. वरील कर्जात ९.५ टक्क्यांना ३७ वर्षे लागतात आणि ९.८ टक्क्यांच्या किंचित आधी ही मुदत अमर्याद होते. त्या बिंदूला हप्ता आणि व्याज समान होतात आणि ते कर्ज म्हणजे, कर्जदाराच्या बाजूने पाहिले तर, एक चिरंतन वार्षिकीच असते : शिल्लक भागिले काळ यांचे गणित संपते आणि रक्कम भागिले दर हे सूत्र उरते. वार्षिकी, चिरंतन वार्षिकी आणि कर्जफेड हे तीन स्वतंत्र पाठ नसून एकाच तक्त्याची तीन रूपे आहेत, हे दाखवणारे याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

म्हणून सुचवावासा वाटणारा प्रश्न असा : ‘शिल्लक ९,५०,७०० रुपये, मासिक हप्ता ७,७५३ रुपये, दर वाढून १० टक्के झाला. हप्ता न बदलल्यास कर्ज फिटण्यास किती महिने लागतील?’ पर्यायांत २१६, ४४८, ६०० आणि ‘कर्ज फिटणार नाही’ असे चार द्यावेत. दरमहा व्याज ७,९२२ रुपये होते, हप्त्याहून १६९ रुपये अधिक. गणकयंत्रात सूत्र घालणाऱ्याला यंत्र त्रुटी दाखवील, कारण उणे संख्येचा लॉगरिदम नसतो, आणि तो आपण काही चुकीचे दाबले असे समजून पुन्हा आकडे भरू लागेल. ज्याने आधी एका महिन्याचे व्याज काढून पाहिले असेल, त्याला यंत्राची गरजच पडणार नाही.